नाव माहीत आहे, पण निघत नाही: वर्धा जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं प्रकरण

(गुरुजींच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिलं आहे. गाव सांगितलेलं नाही. माणसांची नावं बदलली आहेत, मात्र बदलताना अक्षरांचा साचा शक्यतो तोच ठेवला आहे, कारण या प्रकरणात त्यालाच महत्त्व आहे.)

पार्श्वभूमी

गुरुजी सदुसष्ट वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. निवृत्तीनंतर गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे आलं. पंधरा ऑगस्ट, गणपती, सामुदायिक प्रार्थनेनंतरची सभा, लग्नात आहेर वाचणं, माइक कायम त्यांच्या हातात. चार एकर कापूस आणि तुरीचं शेत मोठा मुलगा पाहतो, धाकटा पुण्याला नोकरीत आहे. बायको, सून, दोन नातवंडं घरात. रक्तदाबाची गोळी सोडली तर औषध नाही.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे बहुतेक लोक अर्धांगवायूनंतर येतात, त्यामुळे शब्द सापडत नाही ही तक्रार मला नवी नाही. पण गुरुजींना ना झटका आला होता ना कुठे मार लागला होता. त्यांना पुण्याचा मुलगा घेऊन आला, आणि त्याने आधीच ठरवून टाकलं होतं की हा स्मृतिभ्रंशच.

अडचण

दहावी-बारावीच्या मुलांच्या सत्कारात पाहुणा म्हणून गुरुजींचाच एक जुना विद्यार्थी आला होता. गुरुजींनी त्याची ओळख सुरू केली. कोणत्या साली शाळेत होता, वडील कोणाच्या वाड्यात सालदार होते, मुलगा कसा शिकला, कोणत्या खात्यात लागला, सगळं बिनचूक. नावाशी आले आणि थांबले. मंडपात कुजबुज झाली. समोरून कोणीतरी "प्रभाकर" म्हटलं. गुरुजींनी मान हलवली, ते नाही. पण त्यानंतर "प्रभाकर"च परत परत जिभेवर यायला लागलं. शेवटी सरपंचांनी माइक घेतला. त्या रात्री जेवताना, दुसराच विषय चालू असताना, गुरुजी एकदम बोलले, "प्रल्हाद!"

त्यानंतर महिनाभरात व्याह्यांचं नाव अडलं, मग कृषी केंद्रवाल्याचं. घरच्यांनी आपल्या परीने उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी मोठा मुलगा एखाद्या माणसाचं वर्णन करायचा आणि नाव विचारायचा. नाव आलं नाही तर कोणी सांगायचं नाही, "आठवा, बाबा, आठवा, मेंदूला व्यायाम होते." कधी दहा-दहा मिनिटं गुरुजी तसेच बसून राहायचे. हळूहळू त्यांनी पारावर जाणं बंद केलं. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "कोनी येताना दिसलं का हे आतच्या खोलीत जाऊन बसते. नाव नाही आलं तं मानूस काय म्हनन, असं वाटते त्याइले."

गुरुजींचं स्वतःचं वर्णन मी शब्दशः लिहून ठेवलं आहे, कारण निदानाचा अर्धा भाग त्यात आहे: "मॅडम, मानूस डोळ्यापुढं उभा हाये, नाव तोंडावर येऊन राह्यलं, पन निघूनच नाही राह्यलं."

शब्द कुठे अडतो

बोलताना आपण सेकंदाला दोन-तीन शब्द काढतो, तेही मनातल्या हजारो शब्दांच्या साठ्यातून. या साठ्याला मनोकोश म्हणतात. त्यात शब्द एका तुकड्यात ठेवलेला नसतो. डच संशोधक विलेम लेव्हेल्ट यांच्या मांडणीनुसार शब्द दोन पायऱ्यांत हाती येतो. पहिल्या पायरीवर अर्थाला धरून नेमका शब्द निवडला जातो आणि त्याचं व्याकरण, म्हणजे नाम की क्रियापद, लिंग कोणतं, हे उघडतं. दुसऱ्या पायरीवर त्याचे ध्वनी, अक्षरं, क्रम हे जुळतात आणि तोंडाकडे जातात. गुरुजींना जे होत होतं ते या दोन पायऱ्यांच्या मधे होतं. शब्द निवडलेला असतो, पण ध्वनी पुरते जुळत नाहीत. म्हणूनच चुकीचं नाव कोणी सांगितलं तर "ते नाही" हे माणूस खात्रीने सांगू शकतो.

१९६६ मध्ये हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी ही अवस्था प्रयोगात पकडली. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि ज्यांना शब्द "आता येतोच आहे" असं वाटलं त्यांना थांबवून विचारलं की पहिलं अक्षर कोणतं, शब्दाचे उच्चारातले तुकडे किती. पूर्ण शब्द येत नसताना पहिलं अक्षर ५७ टक्के वेळा बरोबर निघालं. म्हणजे ध्वनी अगदीच गायब नसतात, अर्धवट येतात.

हे का होतं, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर डेबोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलं. अर्थाकडून ध्वनीकडे जाणारा दुवा वापराने टिकतो. वापर कमी झाला, बरेच दिवस शब्द उच्चारला नाही, किंवा वय वाढलं, की दुवा क्षीण होतो. पांदण रस्त्यासारखंच आहे हे: बैलगाडी जाणं थांबलं की दोन पावसाळ्यांत काट्याकुट्यांनी भरतो, शेत मात्र पलीकडे जिथल्या तिथे असतं. विशेषनामांचं तर अधिकच कठीण. "सुतार" हा धंदा म्हटला की लाकूड, रंधा, वखराची दुरुस्ती, असं कितीतरी मनात हलतं आणि ते सगळं मिळून त्या शब्दाला रेटा देतं. तेच "सुतार" आडनाव असेल तर त्याला त्या एका माणसाशिवाय कशाचाच आधार नाही. दुवा एकच, तो क्षीण झाला की दुसरी वाट नाही. तरुणांनाही आठवड्याला एखादा शब्द असा अडतोच, वयाबरोबर प्रमाण वाढतं आणि त्यात नावं सर्वांत जास्त असतात.

पहिला निर्णय: स्कॅन आधी की तपासणी आधी

धाकट्या मुलाचं म्हणणं होतं की लगेच नागपूरला जाऊन एमआरआय करावा. मोठा म्हणत होता, वय झालं, सोडून द्या, माइकही सोडा. मला दोन्ही पटत नव्हतं, पण नुसतं "काही नाही" म्हणणंही बरोबर नव्हतं. नाव अडणं निरोगी म्हातारपणात होतं आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाही होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक आत कुठे पायरी तुटते यात आहे, आणि तो काढता येतो.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच भेटीत घरच्यांना बजावली. शब्द सापडणं अचानक बंद झालं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हातातली शक्ती गेली, किंवा बोलणं भलतंच आणि निरर्थक यायला लागलं, तर तो अर्धांगवायू समजायचा. त्यात वाट पाहायची नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गुरुजींचं तसं नव्हतं. सगळं हळूहळू, महिन्यांमधून वाढलेलं होतं.

मग चाचणी. छापील इंग्रजी चित्रसंच गुरुजींच्या आयुष्याला लागू पडत नाहीत, म्हणून मी विदर्भातल्या शेतीच्या, स्वयंपाकघरातल्या आणि शाळेतल्या वस्तूंच्या व्याख्या वाचून दाखवते. त्यातली एक इथे पूर्ण देते.

मी वाचलं, "तिफणीवर बसवलेला, वाटीसारखा लाकडी भाग, ज्यात पेरताना दाणे सोडतात." गुरुजी हसले. माहीत होतं. हाताने मूठ धरून दाणे सोडण्याची कृती केली, वडील कसे पेरायचे ते सांगितलं. शब्द मात्र आला नाही. मी विचारलं, "तो, ती, की ते?" क्षणाचाही विलंब न लावता, "ते." व्याख्येत मी मुद्दाम "भाग" आणि "वाटी" ठेवलं होतं, एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग त्यांना माझ्याकडून मिळालेलं नव्हतं, ते त्यांच्या मनोकोशातून आलं. इटालियन भाषिकांवर १९९७ मध्ये असाच प्रयोग झाला होता. शब्द अडलेला असताना लोकांना त्याचं लिंग बहुतेक वेळा बरोबर सांगता आलं होतं.

पुढे विचारलं, सुरुवात कशी? "च... चा... चाळणी," आणि लगेच "छे, चाळणी नाही." मी फक्त "चा" म्हटलं आणि थांबले. "चाडं!" असे मोठ्याने म्हणाले की बाहेर बसलेल्या पत्नी आत डोकावल्या. घरी पेरणी ट्रॅक्टरने होते, चाड्यावर मूठ धरून किती वर्षं झाली त्यांनाच आठवत नव्हतं.

अर्थ शाबूत, व्याकरण शाबूत, पहिला ध्वनी हाती, संकेत दिला की शब्द सुटतो, ऐकला की तत्काळ ओळखतात. मला हवं होतं ते चित्र हेच. अर्थच विरत चालला असता तर गुरुजींनी वस्तूचा उपयोग नीट सांगितला नसता, "वावरातलं काहीतरी असते" अशी मोघम उत्तरं दिली असती, "चा" देऊनही शब्द आला नसता आणि कदाचित "चाडं" ऐकूनही परकं वाटलं असतं. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावली, सतरा सांगितली, गोठ्यातून जंगलाकडे असा क्रम लावून. आजारात बऱ्याचदा हा ओघच आटतो.

तिसरी बाजू रोजच्या व्यवहाराची. सोसायटीच्या कर्जाचा हिशेब कोण ठेवतं? गुरुजीच. एकच प्रश्न पुन्हा विचारतात का? रस्ता चुकतात का? काल कोण आलं होतं ते विसरतात का? पत्नीचं प्रत्येकाला नाही होतं, आणि त्या उगाच झाकणाऱ्यातल्या नव्हत्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, ते ठीक आलं. त्यांचंही मत पडलं की आता स्कॅनची घाई नको, तीन महिने नोंद ठेवून परत पाहू. धाकट्या मुलाला हे जड गेलं. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून काय दिसलं तर लगेच स्कॅन करायचा हे कागदावर लिहून दिलं: वस्तूचा उपयोगच न सांगता येणं, नुकत्याच घडलेल्या गोष्टी पुसल्या जाणं, पैशाच्या व्यवहारात चुका.

नोंदवही

वही सुनेने ठेवली. तिला चार गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: कोणता शब्द अडला, त्याऐवजी काय आलं, वेळ आणि ठिकाण, शेवट कसा झाला. चार आठवड्यांनी वही उघडली तेव्हा बहुतेक सगळी नावंच होती, आणि त्यातही नेहमी भेटणाऱ्यांची कमी, वर्षा-दोन वर्षांतून भेटणाऱ्यांची जास्त. जवळपास सगळी शेवटी मिळाली होती, काही तर भलत्याच वेळी, गुरांना पाणी दाखवताना, दाढी करताना.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, जी कोणी सांगितली नव्हती. काही नावं पुन्हा पुन्हा अडत होती, आणि ती नेमकी संध्याकाळच्या "व्यायामा"तली होती.

दुसरा निर्णय: ताणायचं की सांगायचं

माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणबिंदू हा आहे. घरच्यांना वाटत होतं की जितका जोर लावू तितकी स्मरणशक्ती घट्ट होईल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. शब्द अडला की काही वेळा विद्यार्थ्यांना दहा सेकंद ताटकळू दिलं, काही वेळा तीस, आणि मग शब्द सांगितला. दोन दिवसांनी परत विचारलं तर तीस सेकंद अडकलेले शब्द जास्त वेळा पुन्हा अडले. अडण्याची वाटही वापराने पक्की होते. हम्फ्रीज यांच्या नंतरच्या कामात असंही दिसलं की शब्द ध्वनीच्या संकेतावरून स्वतः सोडवला तर पुढे अडण्याचं प्रमाण घटतं. हे प्रयोग तरुणांवरचे आहेत, सदुसष्ट वर्षांच्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मी घरच्यांना सांगितलं. पण वहीतली नोंद त्याच दिशेने बोलत होती.

दुसरा प्रश्न मदत कशी करायची हा होता. नाव अडलं की गावातले चार लोक चार नावं सुचवतात. "प्रभाकर? प्रकाश? प्रमोद?" हेतू चांगला असतो. पण सारख्या सुरुवातीचं दुसरं नाव हेही नावच असतं, ते त्याच जागेवर येऊन बसतं. आडवा आलेला शब्द अडण्याचं कारण असतो की केवळ परिणाम, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मात्र लिझ एब्रम्स यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे की शब्दाचं पहिलं अक्षर कानावर पडलं तर तो सुटायला मदत होते, मधल्या किंवा शेवटच्या अक्षराने होत नाही, आणि सारख्या सुरुवातीचा पण त्याच जातीचा दुसरा शब्द दिला तर फायदा होत नाही. म्हणजे "प्रल्हाद"साठी नुसतं "प्र", फार तर "प्रल्", पण "प्रभाकर" नको.

काय केलं

संध्याकाळची परीक्षा बंद केली. घरात एक नियम ठरला: नाव अडलं की मनात दहापर्यंत मोजायचं, मग पहिलं अक्षर सांगायचं, तरी नाही आलं तर पूर्ण नाव. आणि काही झालं तरी गुरुजींनी ते नाव स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने, वाक्यात म्हणायचं. नुसतं "हो हो, तेच" म्हणून पुढे जायचं नाही. ऐकल्याने नाव ओळखीचं वाटतं, पण ध्वनी जुळवून तोंडाकडे नेणारा दुवा उच्चाराने पक्का होतो.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांची यादी. गुरुजी आधी ती डोळ्यांनी वाचायचे, मी तेवढ्यावर थांबू दिलं नाही. प्रत्येक नाव त्या माणसाच्या एका गोष्टीसह मोठ्याने म्हणायचं आणि सकाळी निघण्यापूर्वी परत एकदा. चिठ्ठी खिशात असेल, पण पहिली मदत चिठ्ठीची नाही. पहिल्या रांगेत बारा वर्षांची नात बसेल, आजोबांनी तिच्याकडे पाहिलं की ती फक्त पहिलं अक्षर म्हणेल. हे काम तिने फार मनावर घेतलं.

चाड्यासारख्या शब्दांसाठी वेगळा उपाय लागला नाही. नातवाला जुनी अवजारं सांगायला लावली, शिवळ, जू, सरतं, डवरा. बोलता बोलता ती नावं आपोआप मोकळी होत गेली.

कानाची तपासणी मात्र उशिरा झाली, आणि तिचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन्ही कानांत उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते, म्हणजे स, श, त, क असे ध्वनी. नवीन माणसाचं नाव गलबल्यात अर्धवट ऐकलं तर ते मनोकोशात अर्धवटच जातं. मग पुढे ते येत नाही यात नवल नाही. नोंदवहीत "आठवलं नाही" म्हणून लिहिलेली काही नवी नावं मुळात नीट ऐकलेलीच नव्हती.

निकाल

सहा महिन्यांनी सव्वीस जानेवारीचं सूत्रसंचालन गुरुजींनी केलं. दोन नावं अडली. एक नातीच्या अक्षरावर सुटलं, दुसऱ्यासाठी चिठ्ठी पाहिली. नाव अडणं थांबलेलं नाही, आणि थांबेल असं मी कधी सांगितलंही नव्हतं. नोंदवहीत नोंदी कमी झाल्या, त्याच-त्याच नावांचं परत परत अडणं जवळजवळ गेलं. पारावर जाणं पुन्हा सुरू झालं. श्रवणयंत्र घेतलं, पण शेतात जाताना काढून ठेवतात. त्यावर अजून बोलणं चालू आहे.

वर्षाने सगळी चाचणी पुन्हा केली. वस्तूंचे उपयोग, लिंग, प्राण्यांची नावं, व्यवहार, कशातच घसरण नव्हती. स्कॅन झालेला नाही. धाकटा मुलगा अजूनही अधूनमधून विचारतो, आणि मी त्याला तो लिहिलेला कागद दाखवते.

काय वेगळं करता येईल

कानाची तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी. साठीनंतर शब्द किंवा नावं अडण्याची तक्रार घेऊन कोणी आलं तर आधी कान, मग मनोकोश, हा क्रम माझ्या केंद्रात आता पक्का झाला आहे. वहीत "त्या माणसाला शेवटचं कधी भेटले" हा रकाना सुरुवातीपासून हवा होता. सुनेने तो मागाहून आठवून भरला, त्यामुळे तिथल्या नोंदी कच्च्या आहेत. आणि घरच्यांइतकंच गावालाही सांगायला हवं होतं. मंडपातल्या लोकांना नावं न सुचवण्याची विनंती सरपंचांनी पुढे केली, ती पहिल्याच कार्यक्रमात झाली असती तर गुरुजींचे चार महिने आतल्या खोलीत गेले नसते.

एक गोष्ट खुली आहे. सत्तरीच्या पुढे पहिल्या अक्षराच्या संकेताचा उपयोग कमी होत जातो, असं एब्रम्स यांच्याच कामात दिसतं. गुरुजी त्या वयाच्या जवळ आहेत. म्हणून पुढच्या तपासणीत मी संकेताशिवाय किती शब्द आले एवढंच मोजणार नाही, संकेत दिल्यावर शब्द किती लवकर सुटला तेही मोजणार आहे. तो वेळ वाढला तर घरातला नियम बदलून पूर्ण नाव लवकर सांगायला सुरुवात करू. आणि संकेत देऊन, नाव सांगूनही शब्द अनोळखी वाटायला लागला, तर त्याच आठवड्यात नागपूर.